भेटीआधी पत्रिकांची देवाणघेवाण : मुलीच्या आईने स्थळाकडे पाठवायचे पत्र

मध्यस्थाने स्थळ सुचवले, दोन्हीकडची शिक्षण-नोकरीची माहिती पटली आणि आता पाहण्याचा कार्यक्रम ठरवण्याआधी पत्रिका पाहून घ्यावी असे घरात ठरले, की पत्र लिहिण्याचे काम बहुधा आईकडे येते. ही पत्रे दोन ठिकाणी चुकताना दिसतात. पत्राची भाषा मागणीची होते आणि समोरच्याला आपली परीक्षा घेतली जात आहे असे वाटते. किंवा भाषा निर्दोष असते, पण सोबतच्या टिपणात जन्माचा तपशील चुकलेला असतो आणि सगळे गुणमेलन वाया जाते. दुसरी चूक अधिक महाग पडते, म्हणून या लेखात पत्राच्या मजकुराआधी टिपणाची तयारी घेतली आहे. लेख मुलीच्या आईला समोर ठेवून लिहिला आहे. मुलाच्या आईसाठी जिथे वेगळे करायचे आहे तिथे तसे सांगितले आहे.

टप्पा १ : लिहिण्याआधी घरात तीन गोष्टी ठरवा

पहिली गोष्ट मुलीची संमती. तिची जन्मतारीख, वेळ आणि ठिकाण परक्या घरी जाणार आहे, त्यामुळे या स्थळाकडे पत्रिका पाठवायची की नाही हे तिला विचारूनच ठरवावे. पत्र गेल्यावर तिने नकार दिला, तर मागे घ्यायला शब्द सापडत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्रिकेत आपण काय पाहणार आहोत आणि कशावरून थांबणार आहोत. ३६ पैकी १८ गुण जमले की पुढे जावे असा सर्वसाधारण संकेत आहे. पण काही घरांत एकनाडी असली की गुण कितीही जमोत, विषय संपतो. काही घरांत मंगळाला तेवढे महत्त्व असते. काही ठिकाणी केवळ रिवाज म्हणून पत्रिका पाहिली जाते. आई, वडील आणि मुलगी यांचे याबाबतीत एकमत पत्र पाठवण्याआधी व्हायला हवे. उत्तर आल्यावर घरात वाद सुरू झाला, तर पलीकडचे लोक पंधरा दिवस ताटकळत राहतात आणि त्यांना कारणही सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट मध्यस्थाला एक फोन करण्याची. पलीकडे पत्रिका पाहतात का, एवढेच विचारावे. पुष्कळ घरांत आता पत्रिका पाहत नाहीत, काही घरांत मुलांची पत्रिका मांडलेलीच नसते. हे आधी कळले तर पत्राचा सूर बदलतो. गोत्र, देवक किंवा कुळ यांपैकी जे आपल्या समाजात पाहिले जाते तेही याच फोनवर विचारून घ्यावे, कारण तिथेच अडचण निघाली तर पत्रिकेपर्यंत जाण्याचे कारण उरत नाही.

*सावधान : पितृपक्षात अनेक घरे लग्नाचा विषय काढत नाहीत. पत्र त्या पंधरवड्यात पोहोचणार असेल तर थांबावे.*

टप्पा २ : जन्माचा तपशील कागदावरून पक्का करा

इथे घाई करू नये. जन्मदाखल्यावर तारीख आणि ठिकाण असते, पण जन्मवेळ बहुधा नसते. वेळ मिळते ती प्रसूतिगृहाच्या कागदावर, आजोबांच्या डायरीत किंवा त्या वेळी करून घेतलेल्या टिपणात. आठवणीवर विसंबू नये. आठवण आणि कागद यांत फरक निघाला तर कागद धरावा.

माझ्या परिचयातल्या एका आईचे उदाहरण घेते. मुलीचा जन्म आईच्या माहेरी, नागपूरला झालेला, कुटुंब पुण्याचे. घरात सगळे सांगत, “गुरुवारची रात्र होती, चौदा मार्च.” प्रसूतिगृहाचा पिवळा पडलेला कागद काढला तेव्हा त्यावर निळ्या शाईत फक्त “१२.४०” एवढेच लिहिलेले होते, दुपार की रात्र याचा उल्लेख नव्हता. जन्मदाखल्यावर तारीख होती १५ मार्च १९९६, आणि तो वार शुक्रवार. आजी ठामपणे सांगत होती की गुरुवारच.

यात कोणीच खोटे बोलत नव्हते. पंचांगात वार एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत चालतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतर ४० मिनिटांनी झालेला जन्म पंचांगाप्रमाणे गुरुवारचाच. दिनदर्शिकेची तारीख मात्र मध्यरात्रीच बदलते, म्हणून ती शुक्रवार, १५ मार्च. घोटाळा होतो तो आजीचा वार धरून संगणकावर १४ मार्च आणि रात्री १२.४० असे भरले की. तो क्षण प्रत्यक्ष जन्माच्या पूर्ण चोवीस तास आधीचा असतो. चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश चालतो आणि एक नक्षत्रही १३ अंश २० कलांचे असते; म्हणजे एवढ्या चुकीने बहुधा नक्षत्रच मागचे येते. गुणमेलनाची आठही कूटे चंद्राच्या राशीवरून आणि नक्षत्रावरून काढतात. नक्षत्र बदलले की पुष्कळदा गण, योनी आणि नाडीही बदलते. एकट्या नाडीचे ८ गुण असतात, आणि ते एकतर पूर्ण मिळतात किंवा अजिबात मिळत नाहीत. २४ गुणांचे स्थळ तेवढ्यावरून १६ वर येऊ शकते, किंवा उलट न जमणारे स्थळ जमल्यासारखे दिसू शकते.

म्हणून मध्यरात्र ते सूर्योदय या वेळेतला जन्म असेल तर टिपणात वार आणि तारीख दोन्ही असे लिहावे की शंका राहू नये: “गुरुवार दि. १४ मार्च उलटून, शुक्रवार दि. १५ मार्च १९९६, मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४० मिनिटे.” वाक्य लांब वाटले तरी चालेल.

दुसरा प्रश्न जन्मस्थळाचा. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत असल्याने मुलीचे गाव आणि तिचे जन्मस्थळ पुष्कळदा वेगळे असते, आणि पत्रिका करून घेताना सवयीने राहते गाव सांगितले जाते. नागपूर आणि पुणे यांच्या रेखांशात सव्वापाच अंशांचा फरक आहे, म्हणजे स्थानिक वेळेत सुमारे २१ मिनिटांचा. चंद्रावर त्याचा परिणाम होत नाही, पण लग्न, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवणारा राशिचक्राचा बिंदू, साधारण चार मिनिटांना एक अंश सरकते, त्यामुळे ते पाचेक अंशांनी चुकते. लग्न राशीच्या टोकाशी असेल तर लग्नराशीच बदलते आणि तिच्याबरोबर मंगळाचे स्थानही. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असेल तर मंगळाची पत्रिका म्हणतात. नसलेला मंगळ चुकीच्या गावामुळे लागू शकतो.

*तपासा : ज्योतिष न येणाऱ्यालाही एक पडताळणी करता येते. आपल्याकडे काढतात त्या कुंडलीत वरचे मधले घर लग्नाचे. तिथून डावीकडे मोजत गेले की डावीकडचे मोठे घर चौथे, खालचे मधले सातवे आणि उजवीकडचे मोठे घर दहावे. जन्म सूर्योदयाच्या सुमारास असेल तर रवी लग्नात किंवा त्याच्या शेजारी दिसतो, दुपारी बाराच्या सुमारास उजवीकडच्या मोठ्या घराच्या आसपास, सूर्यास्ताला सातव्याच्या आसपास आणि मध्यरात्री डावीकडच्या मोठ्या घराच्या आसपास. वरच्या उदाहरणात पहिल्या छापील पत्रिकेत रवी उजवीकडे बसला होता. म्हणजे करणाऱ्याने १२.४० ही दुपारची वेळ धरली होती.*

वेळ खरोखरच माहीत नसेल तर “अंदाजे पहाटे चार ते पाच” असेच लिहावे. सोयीची एक नेमकी वेळ ठरवून लिहिणे ही समोरच्यांची फसवणूक आहे, आणि पुढे कागद निघाला तर बोलायला जागा राहत नाही.

टप्पा ३ : पत्रासोबतचे टिपण तयार करा

एक स्वच्छ पान पुरते. त्यावर मुलीचे नाव, जन्मतारीख व वार, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र व चरण, नाडी, गण, गोत्र किंवा देवक आणि लग्नकुंडली एवढे असावे. यात आणखी एक ओळ घालावी, जी सहसा कोणी घालत नाही: पत्रिका कोणत्या पंचांगाप्रमाणे केली आहे. अयनांश म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा ते ठरवणारे अंश. दाते पंचांग चित्रापक्षाचे अयनांश धरते, तर टिळक पंचांगाचे अयनांश त्याहून सुमारे चार अंशांनी वेगळे आहेत. नक्षत्राचा एक चरण ३ अंश २० कलांचा असतो, त्यामुळे एकाच जन्मवेळेचा चरण दोन पंचांगांत वेगळा येतो आणि कधी नक्षत्र किंवा रासही वेगळी येते. “आमच्याकडे २६ गुण आले, तुमच्याकडे १९ कसे?” या वादामागे अनेकदा एवढेच असते. पंचांगाचे नाव लिहिलेले असले की पलीकडच्या ज्योतिषांना हा फरक लगेच उमगतो.

मंगळ असेल तर कुंडलीत तो दिसतोच. टिपणात त्याची बाजू मांडू नये. “सौम्य मंगळ आहे, दोष नाही” असे आईने लिहिले की वाचणाऱ्याचे लक्ष नेमके तिथेच जाते, आणि तो निर्णय त्यांच्या ज्योतिषांचा आहे.

पत्रिकेची मूळ प्रत कधीही पाठवू नये. प्रत काढून पाठवावी, आणि पाठवण्याआधी टिपणातली तारीख, वेळ व गाव मूळ कागदाशी दुसऱ्या कोणाकडून ताडून घ्यावे. स्वतःच्या हस्ताक्षरातली चूक स्वतःला दिसत नाही.

टप्पा ४ : पत्र लिहा

पत्र एका पानात संपावे. क्रम असा ठेवावा: ओळख कोणामार्फत झाली, त्यांच्या माहितीबद्दल आपले समाधान, आपण पत्रिका पाठवत आहोत हे, त्यांची पत्रिका पाठवण्याची विनंती, त्यांना नकाराची मोकळीक आणि शेवटी उत्तराचा मार्ग. आपली पत्रिका आधी आणि त्यांच्याकडची विनंती नंतर, हा क्रम बदलू नये. आधी मागितले तर पत्र हुकूम वाटते. आधी दिले तर देवाणघेवाण वाटते. मुलाच्या आईने हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा. “मुलीची पत्रिका व फोटो पाठवून द्या, पाहून कळवतो” असा निरोप मुलाकडून जाण्याची सवय जुनी आहे, पण त्यात समान विनिमय राहत नाही. आपल्या मुलाची पत्रिका सोबत जोडूनच विनंती करावी.

खाली पूर्ण मसुदा दिला आहे.

> ॥ श्री ॥
>
> पुणे, दि. ............
>
> श्री. ............ व सौ. ............ यांस,
>
> सप्रेम नमस्कार विनंती विशेष.
>
> आपले व आमचे स्नेही श्री. ............ यांच्याकडून आपल्या चिरंजीवांविषयी माहिती मिळाली. त्यांचे शिक्षण, काम आणि आपल्या घरचे वातावरण यांविषयी ऐकून आम्हा उभयतांना समाधान वाटले. आमची कन्या चि. कु. ............ हिनेही ही माहिती वाचली असून पुढे बोलणे व्हावे असे तिलाही वाटते.
>
> प्रत्यक्ष भेटीआधी दोन्ही घरांनी एकमेकांच्या पत्रिका पाहाव्यात, असे आमच्या मनात आहे. म्हणजे सर्वांची भेट मोकळ्या मनाने होईल. त्यासाठी चि. ............ हिचे टिपण या पत्रासोबत पाठवत आहे. तिचा जन्म मध्यरात्रीनंतरचा असल्याने वार व तारीख दोन्ही त्यात स्पष्ट लिहिली आहेत. आपल्याकडे पत्रिका पाहण्याची पद्धत असल्यास आपल्या चिरंजीवांचे टिपणही आपल्या सोयीने पाठवावे, ही विनंती. आपण पत्रिका पाहत नसाल तर तसे निःसंकोच कळवावे.
>
> दोन्ही घरांनी आपापल्या ज्योतिषांना दाखवून घ्यावे, आणि पुढे जाण्याचा विचार असो वा नसो, एकमेकांस कळवावे, एवढीच अपेक्षा आहे. शक्य झाल्यास येत्या पंधरवड्यात आपले उत्तर यावे. उत्तर आमच्याकडे थेट अथवा श्री. ............ यांच्यामार्फत, आपल्याला सोयीचे वाटेल तसे पाठवावे.
>
> घरातील वडीलधाऱ्यांस आमचा नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा, ही विनंती.
>
> आपली,
> सौ. ............

टप्पा ५ : मसुद्यातील या जागा पुन्हा वाचा

मायना मुलाच्या आईवडिलांना मिळून असावा. केवळ आईला लिहिले तर पत्र खाजगी वाटते, केवळ वडिलांना लिहिले तर घरच्या बाईला वगळल्यासारखे होते. त्यांपैकी एकजण हयात नसेल तर मध्यस्थाकडून आधी माहिती करून घ्यावी, “श्री. व सौ.” असे सवयीने लिहिले गेले तर ती चूक समोरच्याला लागते. “व्याहीबुवा” किंवा “विहीणबाई” हे शब्द लग्न ठरल्यानंतरचे आहेत. प्रेमापोटी आधीच वापरले तर गळ घातल्यासारखे दिसते. तसेच मुलीच्या नावामागे “चि. सौ. कां.” लिहू नये. ते लग्नपत्रिकेतले आहे, या पत्रात “चि. कु.” एवढेच. आणि समोरच्यांच्या मुलाला नावाने एकेरी न लिहिता “आपले चिरंजीव” म्हणावे.

“आपण पत्रिका पाहत नसाल तर तसे निःसंकोच कळवावे” हे वाक्य गाळण्याचा मोह होतो, कारण आपण स्वतः पाहणारच असतो. ते गाळू नये. पत्रिका न पाहणाऱ्या घराला या एका वाक्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. त्यांनी जन्मतपशील दिलाच नाही तर पुढे जायचे की नाही, हा निर्णय तुमचा. त्यांना समजावत बसू नये.

“दोन्ही घरांनी आपापल्या ज्योतिषांना दाखवून घ्यावे” यामागेही कारण आहे. आपल्या ज्योतिषांचा निकाल समोरच्यांवर लादायचा नाही आणि त्यांचा आपल्यावर घ्यायचा नाही. दोन निकाल वेगळे आले तर आधी जन्मतपशील आणि पंचांग ताडून पाहावे, गुणांच्या आकड्यावर वाद घालू नये.

काही मजकूर या पत्रात येताच कामा नये. देण्याघेण्याचा शब्द, सूचक स्वरूपातही, नको. हुंडा देणे, घेणे आणि मागणे हे १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि “आम्ही हौसेने करू” अशा वाक्यानेही पत्राचा हेतू बदलतो. आधीच्या स्थळांचे उल्लेख, मुलीच्या वयाची काळजी आणि “लवकर ठरले तर बरे” ही घाईसुद्धा वगळावी. मुलीची स्तुती तर अजिबात नको. तिचे गुण त्यांना भेटीत दिसतील.

*तपासा : पत्र मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐकणाऱ्याला विचारा की यात काय मागितले आहे. उत्तर “त्यांच्या मुलाची पत्रिका, तीही त्यांची इच्छा असेल तर” असे आले तर पत्र बरोबर आहे. “लवकर भेट” किंवा “होकार” असे उत्तर आले तर कोणते तरी वाक्य पुढे धावले आहे.*

टप्पा ६ : पाठवणे

हाताने लिहिलेले पत्र आणि टिपणाची प्रत लिफाफ्यात घालून मध्यस्थाच्या हाती द्यावी, हे सर्वांत चांगले. दूरचे गाव असेल तर पत्राचा स्वच्छ फोटो आणि टिपण व्हॉट्सअॅपवर पाठवायलाही हरकत नाही, पण ते मुलाच्या आईला किंवा वडिलांना थेट जावे. कुटुंबाच्या ग्रुपवर कधीही टाकू नये, आणि मध्यस्थालाही “हे पुढे पाठवू नका” असे स्पष्ट सांगावे. मुलीची पूर्ण जन्मतारीख आणि जन्मस्थळ अनोळखी लोकांच्या फोनमध्ये फिरत राहणे योग्य नाही. पत्र आणि पत्रिका एकाच वेळी पाठवावे. नुसती पत्रिका आधी आणि “पत्र मागाहून” असे केले तर पत्राला अर्थ उरत नाही.

पोहोचल्याची खात्री मध्यस्थामार्फत एकदाच करावी. त्यानंतर पंधरवडा पूर्ण होईपर्यंत विचारणा करू नये. तो उलटल्यावर मध्यस्थाने एकदा चौकशी करावी. तिलाही उत्तर नाही आले तर ते उत्तरच समजावे.

टप्पा ७ : उत्तर आल्यावर

त्यांचे टिपण आले की प्रथम तोच पडताळा करावा: जन्म मध्यरात्रीनंतरचा आहे का, गाव जन्माचे आहे की राहण्याचे, रवी वेळेशी जुळतो का, पंचांग कोणते. शंका असेल तर मोघम न विचारता नेमके विचारावे: “आपल्या टिपणात पहाटे २.१० अशी वेळ आहे. तारीख मध्यरात्रीनंतरची धरली आहे ना, एवढे कळवावे.” असे विचारल्याने कोणी दुखावत नाही.

पत्रिका जमली तर त्याच आठवड्यात कळवून भेटीचा दिवस विचारावा. न जमल्यास, किंवा दुसऱ्या कारणाने थांबायचे ठरल्यास, दोन वाक्ये पुरतात: “आपण पाठवलेले टिपण पाहिले. पुढे जाण्याचा योग दिसत नाही, तरी आपल्या चिरंजीवांस मनापासून शुभेच्छा.” किती गुण आले, कोणता दोष निघाला, हे लिहू नये. ते त्यांच्या मुलाच्या पत्रिकेविषयीचे मत ठरते आणि मध्यस्थाकरवी पुढच्या स्थळापर्यंत पोहोचते. मंगळाचा उल्लेख तर एका ओळीनेही करू नये. थांबण्याचे खरे कारण पत्रिका नसेल, तर “पत्रिका जमली नाही” असे लिहिणेही टाळावे. त्यांच्या ज्योतिषांनी २८ गुण काढलेले असतील तर ते वाक्य त्यांना लगेच खोटे वाटेल. “योग दिसत नाही” एवढे पुरेसे आहे.

नकार कुठल्याही बाजूने आला तरी त्यांच्या टिपणाची प्रत आपल्या घरी पडून राहू देऊ नये. लिफाफ्यातून आलेली प्रत मध्यस्थाकरवी परत करावी, फोनवर आलेली पुसून टाकावी, आणि तसे केल्याचे नकाराच्या पत्रातच एका वाक्यात कळवावे.